एका डोळ्याची नजर अचानक गेली आणि दुखत काहीच नाही: पहिल्या काही तासांत काय करायचं

गेली बारा वर्षं मी डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करतोय, म्हणजे नजर तपासणं, नंबर काढणं, डॉक्टरांकडे पाठवायच्या आधीची सगळी तपासणी. रोज हेच बघत असूनही माझ्या सख्ख्या मामांचा उजवा डोळा गेला तेव्हा मला कळलं दुपारी एक वाजता, आणि तो गेला होता सकाळी सातच्या आसपास. मधले सहा तास कुठे गेले ते इथे सविस्तर लिहितोय, कारण बहुतेक घरांत ते असेच जातात.

मामा 66 वर्षांचे, बीपीची गोळी दहा वर्षांपासून, साठीपर्यंत सिगारेट. रविवारी सकाळी दाढी करत होते आणि साबणाचा फेस डाव्या डोळ्यात गेला म्हणून त्यांनी तो डोळा मिटला, तर समोरचा आरसाच गायब! लाइट गेली असं वाटून त्यांनी मामीला हाक मारली, मामी म्हणाली अहो लाइट आहे की. डावा डोळा धुऊन उघडला तर सगळं परत व्यवस्थित. दुखत नाही, लाल नाही, पाणी नाही. मग काय, चहा झाला, नाष्टा झाला, दहा वाजता चष्म्याच्या दुकानात गेले, तिथे मशिनवर बघून सांगितलं की मोतीबिंदू पिकला असेल, सवडीने डॉक्टरांना दाखवा. घरी येऊन डोळ्यात जुने ड्रॉप घातले आणि झोपले. उठल्यावरही तसंच दिसतंय म्हटल्यावर मामीने मला फोन केला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोतीबिंदूने नजर महिन्या-वर्षांत कमी होते, अर्ध्या तासात जात नाही. "अचानक दिसलं नाही" आणि "अचानक लक्षात आलं" यात फरक असतो हे खरं, एखाद्याचा डोळा कधीचा कमजोर असतो आणि दुसरा मिटल्यावरच कळतं. पण तो फरक घरी बसून ठरवायचा नाही.

आत नेमकं काय होतं

डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, रेटिना, त्याच्या आतल्या थराला रक्त मुख्यतः एकाच बारीक धमनीतून मिळतं. तिच्यात गुठळी किंवा कोलेस्टेरॉलचा कण येऊन अडकला की पडद्याचं रक्त बंद. पडद्याला दुखण्याच्या नसा नाहीत म्हणून काहीच दुखत नाही, आणि सगळा घोटाळा इथेच होतो, कारण आपल्याकडे दुखलं तरच धावायची सवय. हा शब्दशः डोळ्याचा स्ट्रोक आहे, अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2021 साली यावर स्वतंत्र निवेदन काढून याला स्ट्रोकचाच प्रकार म्हटलंय आणि त्याच घाईने वागायला सांगितलंय.

पडदा किती वेळ तग धरतो? माकडांवरच्या जुन्या प्रयोगांत रक्त पूर्ण बंद केल्यावर साधारण दीड तासापर्यंत पडदा सावरला आणि चार तासांनी नुकसान कायमचं झालं. माणसात धमनी दर वेळी शंभर टक्के बंद होतेच असं नाही म्हणून थोडी सवलत मिळू शकते, पण काही तज्ज्ञांच्या मते पूर्ण बंद असेल तर दीड तासही जास्तच धरलाय. थोडक्यात, ही मिनिटांची आणि तासांची गोष्ट आहे, "उद्या सोमवारी ओपीडी उघडली की जाऊ"ची नाही.

आणि जी गुठळी डोळ्यात आली ती कुठून तरी आलीय. बहुतेक वेळा मानेतल्या कॅरोटिड धमनीतल्या चरबीच्या थरातून, नाहीतर हृदयातून, खास करून ठोके अनियमित असतील तर. पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते. डोळ्याचा झटका आलेल्यांचा एमआरआय केला तर साधारण चौघांतल्या एकाच्या मेंदूत ताजे छोटे झटके सापडतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हातापायात काहीच जाणवलेलं नसतं. मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. म्हणून डोळा वाचेल की नाही हा एक प्रश्न, आणि माणूस अर्धांगवायूपासून वाचेल की नाही हा दुसरा, आणि दुसऱ्यासाठी उशीर झाला तरी जायचंच असतं.

पायरी एक: एकेक डोळा झाकून बघा आणि घड्याळ बघा

तळहाताने एक डोळा पूर्ण झाका, बोटांच्या फटीतून दिसतं म्हणून बोटांनी नको, आणि डोळ्यावर दाबही नको. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. आकडे दिसतात का, नाही तर समोर धरलेली बोटं मोजता येतात का, तेही नाही तर हात हलवलेला कळतो का, किमान टॉर्चचा उजेड तरी? मग दुसरा डोळा झाकून तेच. हे दोन मिनिटांत होतं आणि याचा खरा उपयोग वेगळाच आहे: पुष्कळ लोक "उजव्या डोळ्याने दिसत नाही" म्हणतात आणि प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलेली असते. म्हणजे डावा डोळा एकटा उघडा ठेवला तरी कॅलेंडरची उजवी बाजू दिसत नाही. तो दोष डोळ्यात नसून मेंदूत आहे. दोन्हीत पळायचं त्याच हॉस्पिटलला, पण डॉक्टरांना ही माहिती पहिल्या वाक्यात मिळाली तर पुढचं सगळं लवकर हलतं.

त्याच वेळी तोंड वाकडं झालंय का, दोन्ही हात वर धरता येतात का, बोलणं अडखळतंय का हेही बघून घ्या.

मग वेळ. हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या विचारतील, शेवटचं नीट कधी दिसत होतं? लक्षात कधी आलं ते नाही, त्या डोळ्याने नक्की दिसत होतं अशी शेवटची वेळ कुठली. हे अवघड आहे कारण आपण दोन डोळ्यांनी बघतो, एक गेला तरी दुसरा सांभाळून घेतो. मामांना मी फोनवर हेच खोदून खोदून विचारलं. आधी म्हणाले काय की रात्रीपासूनच असेल. मग आठवलं, पावणेसातला जाग आल्यावर डाव्या कुशीवर पडून मोबाइल बघत होते, डावा डोळा उशीत दबलेला, म्हणजे व्हॉट्सॲपचे मेसेज उजव्यानेच वाचले होते. म्हणजे 6:45 ला नजर होती आणि 7:15 ला नव्हती. असे प्रसंग शोधायचे: कुशीवर मोबाइल, एक डोळा मिटून सुई ओवणं, ड्रॉप घालताना. सापडलेली वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे मुख्यतः या आकड्यावर ठरतं.

नजर परत आली असेल तर

हा भाग मला सगळ्यात जास्त पोचवायचाय. मामांना गाडीत बसवल्यावर ते सहज बोलून गेले की बुधवारी संध्याकाळी अंगणात झाडांना पाणी घालताना उजव्या डोळ्यासमोर वरून दुकानाचं शटर ओढल्यासारखं करडं काहीतरी खाली आलं, पाचेक मिनिटं राहिलं आणि आपोआप वर गेलं. ऊन लागलं असेल म्हणून पाइप खाली ठेवून ओट्यावर बसले आणि कुणाला सांगितलंही नाही. चार दिवस आधी! हा डोळ्याचा मिनी स्ट्रोक होता, कण अडकला आणि सुटून पुढे गेला. त्या दिवशी मानेची तपासणी झाली असती तर रविवार आला नसता असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, पण संधी तीच होती.

म्हणून दोन मिनिटं दिसेनासं होऊन पूर्ण परत आलं असलं तरी त्याच दिवशी, त्याच घाईने हॉस्पिटलला. "आता बरं आहे" हे तिथे न जाण्याचं कारण नाही. मायग्रेनमध्येही नजरेचा त्रास होतो, पण तिथे बहुधा चमकणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा असतात, त्या हळूहळू पसरतात, वीस मिनिटं अर्धा तास टिकतात आणि दोन्ही डोळ्यांत असतात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं काही झालं तर मायग्रेन हे नाव स्वतः देऊन मोकळं व्हायचं नाही.

पायरी दोन: कुठे जायचं आणि फोनवर काय बोलायचं

चष्म्याच्या दुकानात नाही, आणि हे मी स्वतः डोळ्यांच्या क्षेत्रातला असून सांगतोय, एकट्या छोट्या डोळ्यांच्या क्लिनिकमध्येही वेळ घालवू नका. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन चालतं आणि स्ट्रोकचे पेशंट घेतात अशा मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. डोळ्यांचे डॉक्टर तिथे बोलावता येतात, पण सीटी स्कॅन क्लिनिकमध्ये आणता येत नाही. नेत्रतज्ज्ञ शेजारच्याच गल्लीत असतील आणि लगेच बघणार असतील तर ठीक, पण त्यासाठी अर्धा-पाऊण तास रांगेत बसायचं नाही.

महाराष्ट्रात 108 ला फोन करा. पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही, एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो आणि वाटेत मेंदूचा झटका आला तर काय. निघता निघता हॉस्पिटलला फोन करून असं सांगा: "66 वर्षांचे पेशंट आहेत, पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान एका डोळ्याची नजर अचानक पूर्ण गेली, दुखत नाही, स्ट्रोक असू शकतो, सीटी आत्ता चालू आहे का, न्यूरोचे आणि डोळ्यांचे डॉक्टर बोलावता येतील का?" नुसतं "डोळ्याला कमी दिसतंय" म्हटलं तर रिसेप्शनवरचा माणूस उद्या सकाळची अपॉइंटमेंट देईल, त्याचा दोष नाही, त्याला काय माहीत.

बरोबर घ्यायचं ते थोडंच: चालू गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली ती वेळ.

आणि घरी काय करायचं नाही तेही ऐका. डोळा चोळायचा नाही, जुने ड्रॉप घालायचे नाहीत. बीपी जास्त आलं म्हणून जादा गोळी द्यायची नाही, कारण अशा वेळी शरीर तेवढ्या दाबानेच अडलेल्या भागाला थोडंफार रक्त पोचवत असतं, बीपी एकदम पाडलं तर तेही बंद. ॲस्पिरिनसुद्धा स्वतःहून नको, हार्ट ॲटॅकमध्ये चघळायला देतात ते माहीत असतं म्हणून लोक इथेही देतात, पण मेंदूत रक्तस्राव नाही ना हे सीटीशिवाय कळत नाही.

पायरी तीन: हॉस्पिटलमध्ये काय काय होतं

आम्ही पोचलो पावणेतीनला, म्हणजे 6:45 पासून आठ तास झालेले. शुगर आणि बीपी लगेच बघितलं, बीपी 178/96. मग टॉर्चने बाहुली. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर उजेड फिरवला की निरोगी बाहुल्या आकसलेल्याच राहतात, पण मामांच्या उजव्या डोळ्यावर टॉर्च आली की दोन्ही बाहुल्या आकसायच्या ऐवजी मोठ्या व्हायच्या. पन्नास रुपयांच्या टॉर्चने होणारी ही तपासणी सांगते की दोष पडद्यात किंवा नसेत आहे, मोतीबिंदूत नाही. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालायच्या आधीच ही व्हायला हवी, नंतर काही कळत नाही.

मग आत बघितलं. डॉक्टरांनी मलाही दाखवलं. एरवी नारिंगी-लाल दिसणारा पडदा दुधात पाणी घातल्यासारखा पांढुरका पडलेला आणि बरोबर मध्ये एक लालबुंद ठिपका. तिथे पडदा पातळ असल्यामुळे मागच्या थराचा लाल रंग तेवढा दिसतो. पुस्तकात शंभरदा बघितलेलं चित्र आपल्या माणसाच्या डोळ्यात बघताना हात थंड पडतात.

एक लक्षात ठेवा, पहिल्या एक-दोन तासांत हा पांढुरकेपणा बऱ्याचदा आलेला नसतो. म्हणून लवकर पोचल्यावर कुणी "पडदा तर नॉर्मल दिसतोय" म्हणालं तर बाहुली तपासली का हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

सीटीत रक्तस्राव नव्हता. झटका साडेचार तासांच्या आत असेल, त्रास मोठा असेल आणि बाकी अडचण नसेल तर काही ठिकाणी शिरेतून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याचा विचार करतात. डोळ्यासाठी त्याचा फायदा मेंदूच्या स्ट्रोकइतका पक्का सिद्ध झालेला नाही आणि रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून डॉक्टर दोन्ही बाजू सांगून विचारतील. ही निवड मामांसमोर आलीच नाही. पावणेसातमध्ये साडेचार तास मिळवले की सव्वाअकरा, आणि सव्वाअकराला मामा डोळ्यात ड्रॉप घालून झोपले होते. डोळ्याला मसाज, डोळ्याच्या आतलं पाणी काढून दाब कमी करणं, कागदी पिशवीत श्वास हे जुने उपाय अजून कुठे कुठे करतात, पण त्यांनी नजर येते असा भक्कम पुरावा नाही, आणि त्यात वेळ जातो.

पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत एक प्रश्न मात्र विसरता कामा नये. कपाळाच्या बाजूला नवीन डोकेदुखी आहे का, केस विंचरताना टाळू दुखते का, भाकरी चावताना जबडा भरून येतो का, वजन उतरलंय का? असेल तर धमन्यांना सूज येणारा जायंट सेल आर्टेरायटिस असू शकतो. आपल्याकडे हा युरोपच्या मानाने कमी दिसतो आणि म्हणूनच सुटतो. यात दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. त्यासाठी रक्तात सूज दाखवणारे ईएसआर, सीआरपी आणि प्लेटलेट बघतात. ईएसआरचा ढोबळ हिशोब असा की पुरुषात वयाच्या निम्म्यापर्यंत चालतो, बाईत वयात दहा मिळवून त्याच्या निम्म्यापर्यंत. शंका दाट असेल तर बायोप्सीची वाट न बघता शिरेतून स्टेरॉइड लगेच सुरू करतात, बायोप्सी नंतर काही दिवसांत केली तरी चालते. मामांना यातलं काही नव्हतं, ईएसआर 18, सीआरपी नॉर्मल.

पडदा बघितल्यावर कधी कधी निदान वेगळंच निघतं. पडद्यातलं रक्त परत नेणारी शीर तुंबली असेल तर पडदाभर रक्ताचे डाग दिसतात, नजर सहसा पूर्ण काळी न होता धूसर होते आणि पुढे डोळ्यात इंजेक्शनं लागू शकतात. सकाळी उठल्यावर खालचा किंवा वरचा अर्धा भाग गेलेला असेल तर नेत्रनसेचा रक्तपुरवठा कमी पडलेला असू शकतो. जुन्या डायबिटीसवाल्याच्या डोळ्यात रक्त उतरतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा काळी शाई सांडल्यासारखं दिसतं. आणि आधी चमका, मग काळे ठिपके, मग बाजूने सावली सरकत आली तर पडदा सुटलेला असू शकतो, तिथे ऑपरेशनची घाई असते. घरी हे ओळखत बसू नका, सगळ्यात आजच्या आज हेच उत्तर आहे.

पायरी चार: घरी सोडतो म्हणाले तर

डोळ्याला आता इलाज नाही, घरी जा, हे वाक्य बऱ्याच जणांना ऐकायला मिळतं आणि लोक खचून निघून जातात. तेव्हा खुर्चीत बसून राहा आणि विचारा: गुठळी आली कुठून? एमआरआय, मानेच्या धमन्यांची डॉपलर किंवा सीटी अँजिओ, ईसीजी, हृदयाचा इको, आणि ठोके साध्या ईसीजीत नीट दिसले तरी चोवीस तास किंवा जास्त दिवसांचं मॉनिटरिंग, कारण अनियमित ठोके येऊन जाऊन असतात. शुगर आणि कोलेस्टेरॉल तर आहेच. हे सगळं ॲडमिट राहून एक-दोन दिवसांत होतं, बाहेरून करत बसलं तर तीन आठवडे जातात, आणि धोका पहिल्या आठवड्यातच सगळ्यात जास्त असतो.

मामांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला ताजे दोन बारीक ठिपके निघाले, ज्यांचा त्यांना पत्ताही नव्हता. सीटी अँजिओत मानेतली उजवी कॅरोटिड 80 टक्के अरुंद. मग सगळं जुळलं, बुधवारचं शटर, रविवारचा आरसा, मेंदूतले ठिपके, सगळं त्याच एका जागेतून. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या गोळ्या आणि स्टॅटिन त्याच संध्याकाळी सुरू झालं आणि आठव्या दिवशी मानेचं ऑपरेशन करून तो थर काढला. अशा अरुंद धमनीचं ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांच्या आत केलं तर जास्त उपयोग होतो. मामी म्हणत होती, थोडे दिवस जाऊ द्या, अंगात ताकद येऊ द्या, आणि तिला समजवायला मला अख्खी रात्र लागली.

उजव्या डोळ्याने मामांना आज कडेला हात हललेला कळतो, त्यापलीकडे नाही. हात-पाय, बोलणं सगळं शाबूत आहे.

पुढचे चार महिने आम्ही त्यांना दर महिन्याला तपासत होतो. रक्त न मिळालेला डोळा कधी कधी नवीन नाजूक रक्तवाहिन्या उगवतो, त्या डोळ्याच्या आतलं पाणी निघायची वाट अडवतात आणि डोळ्याचा दाब भयंकर वाढतो. तेव्हा मात्र डोळा लाल होतो आणि खूप दुखतो, उलट्याही होतात. लवकर दिसल्या तर लेसर आणि इंजेक्शनने आवरता येतात. तिसऱ्या महिन्यात मामांच्या बाहुलीच्या कडेला अशी एक बारीक लाल रेघ मला दिसली, दुखायच्या आधीच, आणि त्याच आठवड्यात लेसर झालं.